बीटा डिकेची दिशा वारंवार उलटी येतेय? रेशो कशाशी ताडून बघताय ते आधी तपासा

प्रॉब्लेम असा आहे. न्यूट्रॉन-प्रोटॉन रेशो काढला, बरोबर काढला, भागाकारात काही चूक नाही, आणि तरी बीटा मायनस म्हणून लिहिलेलं उत्तर बीटा प्लस किंवा इलेक्ट्रॉन कॅप्चर निघतं. परत पुढच्या गणितात तेच. मी बरीच वर्षं हा विषय शिकवतोय आणि दर बॅचला हा घोळ जसाच्या तसा येतो, हुशार मुलांचाही होतो, म्हणून एकदा नीट बसून लिहितोय. नियम सगळ्यांना पाठ असतो की रेशो जास्त असेल तर बीटा मायनस आणि कमी असेल तर बीटा प्लस. अडचण नियमात नाहीये, ती "जास्त" या शब्दात आहे. कशापेक्षा जास्त? इथेच प्रत्येक जण मनाने काहीतरी धरतो, कोणी १ धरतं, कोणी दीड धरतं, कोणी पिरियॉडिक टेबलवरचं अणुवस्तुमान धरतं.

पहिल्यांदा ही जोडी बघा, कारण यातच सगळं कळतं. कार्बन-१४ मध्ये ६ प्रोटॉन आणि ८ न्यूट्रॉन, रेशो १.३३. बेरियम-१३१ मध्ये ५६ प्रोटॉन आणि ७५ न्यूट्रॉन, रेशो १.३४. आकडे जवळपास सारखे, पण कार्बन-१४ बीटा मायनस देऊन नायट्रोजन-१४ होतो आणि बेरियम-१३१ बरोबर उलट्या दिशेने जातो, इलेक्ट्रॉन कॅप्चरने सिझियम-१३१ होतो. म्हणजे नुसत्या रेशोवरून, तो कितीही अचूक काढला तरी, दिशा सांगताच येत नाही. १.३३ हा आकडा हलक्या अणुकेंद्रासाठी फार जास्त आहे आणि जड अणुकेंद्रासाठी कमी आहे.

याचं कारण असं की प्रोटॉन सगळे एकमेकांना ढकलतात, आणि ही ढकलाढकल लांबपर्यंत पोचते, केंद्रातला प्रत्येक प्रोटॉन बाकीच्या प्रत्येक प्रोटॉनला ढकलतो, तर न्यूक्लियर फोर्स मात्र फक्त शेजारच्यालाच धरून ठेवतो. लहान केंद्रात ढकलणं किरकोळ असतं त्यामुळे न्यूट्रॉन आणि प्रोटॉन सारखे असणं सगळ्यात स्वस्त पडतं, हेलियम-४, कार्बन-१२, ऑक्सिजन-१६, कॅल्शियम-४० सगळे बरोबर १ वर. केंद्र मोठं होत गेलं की प्रोटॉन महाग पडायला लागतो आणि तोल न्यूट्रॉनकडे झुकतो, शिसं-२०८ मध्ये १२६ न्यूट्रॉन आणि ८२ प्रोटॉन, रेशो १.५४. म्हणजे स्थिरतेची दरी सरळ रेषा नाहीये, ती वळत जाते. आणि वळणाऱ्या रेषेशी तुलना करायची तर आधी ठरवायला लागतं की रेषेवरच्या कुठल्या जागेशी. हेच ठरवायचं राहून जातं.

उपाय एका वाक्यात सांगायचा तर असा: तुलना त्याच मास नंबरच्या स्थिर केंद्राशी करा. कारण बीटा डिकेत, मायनस असो प्लस असो की कॅप्चर असो, एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो किंवा एक प्रोटॉन न्यूट्रॉन होतो, एकूण नग तेवढेच राहतात. A बदलत नाही. म्हणजे केंद्र चार्टवर कुठेही मनमानी हिंडत नाही, ते स्वतःच्या आयसोबारच्या तिरक्या रेषेवरूनच घरंगळतं आणि त्या रेषेवर सगळ्यात कमी वस्तुमानाचा जो असेल तिथे जाऊन थांबतं. दरी म्हणतात ते यासाठीच, कारण एकाच A च्या सगळ्या केंद्रांची वस्तुमानं Z समोर मांडली तर खरोखरच वाटीसारखा आलेख येतो, मधे तळ आणि दोन्हीकडे चढण. तुमचं केंद्र तळाच्या कुठल्या बाजूच्या चढणीवर उभं आहे एवढंच शोधायचं असतं.

आता A = १३१ ची अख्खी ओळ लिहून बघू, हे हाताने एकदा लिहिलं की डोक्यात बसतं.

टेल्यूरियम-१३१, ५२ प्रोटॉन ७९ न्यूट्रॉन, रेशो १.५२, बीटा मायनस. आयोडीन-१३१, ५३ आणि ७८, रेशो १.४७, बीटा मायनस, हाफ लाइफ ८ दिवस. झेनॉन-१३१, ५४ आणि ७७, रेशो १.४३, स्थिर. सिझियम-१३१, ५५ आणि ७६, रेशो १.३८, इलेक्ट्रॉन कॅप्चर. बेरियम-१३१, ५६ आणि ७५, रेशो १.३४, हेही इलेक्ट्रॉन कॅप्चर. तळ झेनॉनवर आहे. ज्यांचा रेशो १.४३ पेक्षा जास्त ते सगळे बीटा मायनसने Z वाढवत झेनॉनकडे येतात आणि ज्यांचा कमी ते Z कमी करत येतात. इथे "जास्त" आणि "कमी" हे शब्द पहिल्यांदा खऱ्या अर्थाने वापरता येतात कारण तुलनेचा आकडा ठरलेला आहे, १.४३, आणि तो फक्त याच ओळीसाठी आहे. पुढच्या गणितात A बदलला की हा आकडा फेकून द्यायचा.

विषम A असेल तर काम सोपं असतं कारण विषम A च्या ओळीत साधारणपणे एकच स्थिर केंद्र असतं. अपवाद वाटणारी थोडी ठिकाणं आहेत, उदाहरणार्थ ८७ च्या ओळीत रुबिडियम-८७ निसर्गात भरपूर सापडतो आणि स्ट्रॉन्शियम-८७ पण, पण रुबिडियम-८७ खरा स्थिर नाही, तो फार फार हळू बीटा मायनस देतो, हाफ लाइफ काही हजार कोटी वर्षांची आहे. दिशा तरी नियमाप्रमाणेच.

आता चुका कुठून येतात ते एक एक बघू.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे पिरियॉडिक टेबलवालं अणुवस्तुमान. शॉर्टकट असा शिकवला जातो की मूलद्रव्याचं सरासरी अणुवस्तुमान बघा, तुमच्या आयसोटोपचा मास नंबर त्यापेक्षा जास्त असेल तर बीटा मायनस, कमी असेल तर बीटा प्लस. हा शॉर्टकट चालतो, मी नाही म्हणत नाही, आणि लांबच्या केंद्रांना तो बहुतेक वेळा बरोबर उत्तर देतो. सोडियम बघा, सरासरी २२.९९, सोडियम-२२ बीटा प्लस, सोडियम-२४ बीटा मायनस, दोन्ही बरोबर. फॉस्फरसचं ३०.९७, फॉस्फरस-३० बीटा प्लस आणि फॉस्फरस-३२ बीटा मायनस, हेही बरोबर. पण लक्षात घ्या की सोडियम आणि फॉस्फरस या दोघांना निसर्गात एकच स्थिर आयसोटोप आहे, त्यामुळे सरासरी आपोआप दरीच्या तळाशीच येऊन बसते. ज्या मूलद्रव्याला पाच-सहा स्थिर आयसोटोप आहेत तिथे सरासरी कुठे पडेल हे दरीवर नाही तर कुठला आयसोटोप निसर्गात किती आहे यावर ठरतं, आणि त्या प्रमाणाचा बीटा डिकेशी काही संबंध नाही.

कॅल्शियम-४१ हे याचं माझं नेहमीचं उदाहरण. कॅल्शियमची सरासरी ४०.०८. ४१ जास्त आहे. रेशो २१ भागिले २०, म्हणजे १.०५, एक पेक्षाही जास्त. दोन्ही शॉर्टकट बीटा मायनस म्हणतात, आणि दोन्ही चूक, कॅल्शियम-४१ इलेक्ट्रॉन कॅप्चरने पोटॅशियम-४१ होतो. झालं काय तर निसर्गातल्या कॅल्शियमपैकी जवळपास ९७ टक्के कॅल्शियम-४० आहे, तोच सरासरीला खाली खेचून ठेवतो, आणि कॅल्शियम-४० दरीच्या तळावर नाहीच, तो प्रोटॉनच्या बाजूला काठावर बसलेला आहे. २० आणि २० हे दोन्ही जादुई अंक आहेत म्हणून तो तिथे टिकून आहे. A = ४१ च्या ओळीत बघितलं तर तळावर पोटॅशियम-४१ आहे, १९ प्रोटॉन २२ न्यूट्रॉन, रेशो १.१६. कॅल्शियम-४१ चा १.०५ त्यापेक्षा कमी. म्हणजे प्रोटॉन जास्त झालेत, Z कमी व्हायला हवा. एका तुलनेत उत्तर. निकेल-५९ चंही असंच, निकेलची सरासरी ५८.६९ असल्यामुळे ५९ जास्त वाटतो, पण ५९ च्या ओळीचा तळ कोबाल्ट-५९ आहे आणि निकेलचा Z त्यापेक्षा एकने जास्त, म्हणून तो कॅप्चरने कोबाल्टकडे येतो, आणि दुसऱ्या बाजूने लोह-५९ बीटा मायनसने त्याच कोबाल्टकडे येतो.

याच शॉर्टकटची आणखी एक फसवणूक आहे ती तांबं, ब्रोमीन आणि चांदीत. तांब्याची सरासरी ६३.५५, जवळचा पूर्णांक ६४, मग पोरं तांबं-६४ ला स्थिर म्हणून मोकळी होतात. ब्रोमीन ७९.९० म्हणजे ८०, चांदी १०७.८७ म्हणजे १०८. तिन्ही स्थिर नाहीत! स्थिर आहेत ते तांबं-६३ आणि ६५, ब्रोमीन-७९ आणि ८१, चांदी-१०७ आणि १०९, सरासरी मधल्या रिकाम्या जागेवर येऊन पडते. आणि टेक्निशियमसारख्या मूलद्रव्याला तर स्थिर आयसोटोपच नाही, त्यामुळे सरासरी वगैरे काही नसतंच, टेबलवर चौकटीत कंसात छापलेला आकडा दिसतो तो एका निवडलेल्या आयसोटोपचा मास नंबर असतो, तो तुलनेला अजिबात घेऊ नका.

आता प्रश्न येतो की परीक्षेत किंवा कामात चार्ट समोर नसेल तर त्या A चा तळ कसा शोधायचा. यासाठी एक सूत्र आहे, लिक्विड ड्रॉप मॉडेलच्या वस्तुमान सूत्रात A कायम ठेवून Z बदलला आणि सगळ्यात कमी वस्तुमान कुठे येतं ते काढलं की हे मिळतं:

```
Z0 = A / (1.98 + 0.0155 * A^(2/3))

Z < Z0  ->  beta-minus
Z > Z0  ->  beta-plus / EC
```

आकडे पुस्तकापुस्तकात किंचित वेगळे दिसतील, ते चालतं. खालचा दुसरा भाग म्हणजे प्रोटॉनच्या ढकलण्याचा हिशोब, तो नसता तर Z0 म्हणजे जवळपास A चा अर्धा आला असता, म्हणजे रेशो १. दरी का वळते ते या एका भागात दिसतं.

कॅल्शियम-४१ करून बघू. ४१ चं घनमूळ ३.४५, त्याचा वर्ग ११.९, गुणिले ०.०१५५ म्हणजे ०.१८४, त्यात १.९८ मिळवून २.१६४, आणि ४१ भागिले २.१६४ म्हणजे १८.९. कॅल्शियमचा Z २०, एकपेक्षा जास्त फरकाने वर, म्हणजे इलेक्ट्रॉन कॅप्चर किंवा बीटा प्लस. जवळचा पूर्णांक १९, पोटॅशियम, बरोबर तोच स्थिर. कार्बन-१४ ला हेच केलं तर ६.८ येतं, कार्बनचा ६ त्याच्या खाली, बीटा मायनस. सोडियम-२२ ला १०.५ येतं, सोडियमचा ११ वर, बीटा प्लसने निऑन-२२. ॲल्युमिनियम-२७ ला १२.७, म्हणजे १३, स्थिर. हलक्या आणि मधल्या भागात हे सूत्र छान चालतं.

पण ते कुठे हुकतं हेही सांगायलाच हवं, नाहीतर तुम्ही नवीन चूक घेऊन याल. A = १३१ ला टाकलं तर ५५.०५ येतं. आयोडीन-१३१ चा ५३ त्याच्या दोनने खाली, बीटा मायनस, बरोबर. बेरियमचा ५६ जवळपास एकने वर, तेही बरोबर. पण झेनॉन, जो खरा स्थिर आहे, तो सूत्राप्रमाणे बीटा मायनस द्यायला हवा आणि सिझियम स्थिर असायला हवा. चूक. A = १२५ घ्या, घनमूळ बरोबर ५, वर्ग २५, हिशोब करून ५२.८ येतो, म्हणजे सूत्र आयोडीन-१२५ ला स्थिर ठरवतं, खरं तर स्थिर आहे टेल्यूरियम-१२५ आणि आयोडीन-१२५ साधारण ६० दिवसांच्या हाफ लाइफने कॅप्चर करून त्याच्याकडे जातो. कारण हे सूत्र केंद्राला एकसंध थेंब समजतं, शेल नावाची गोष्ट त्यात धरलेलीच नाही. म्हणून माझा नियम असा की सूत्रातून आलेला Z0 आणि तुमचा Z यांत दोन किंवा जास्त फरक असेल तर निर्धास्त लिहा, एकच्या आसपास असेल तर लिहा पण चार्टशी ताडून घ्या, आणि एकपेक्षा बराच कमी असेल तर सूत्रावर विसंबूच नका, तिथे खरी वस्तुमानं लागतात. कार्बन-१४ ला फरक ०.८ होता आणि चाललं, आयोडीन-१२५ ला ०.२ होता आणि नाही चाललं.

दुसरी चूक, आणि ही विचित्र आहे कारण यात मुलाचं गणित आणि समज दोन्ही बरोबर असतं. चार्टचे अक्ष. काही पुस्तकांत आडव्या अक्षावर प्रोटॉन आणि उभ्यावर न्यूट्रॉन असतात, काहींत बरोबर उलटं, आडवे न्यूट्रॉन आणि उभे प्रोटॉन. पहिल्या प्रकारात रेषेच्या वर म्हणजे न्यूट्रॉन जास्त, बीटा मायनस. दुसऱ्या प्रकारात रेषेच्या वर म्हणजे प्रोटॉन जास्त, बीटा प्लस. ज्याने "रेषेच्या वर बीटा मायनस" असं पाठ केलंय तो दुसऱ्या प्रकारचा चार्ट समोर आला की प्रत्येक उत्तर उलटं देतो, एकूण एक. तुमची सगळीच उत्तरं सरसकट उलटी येत असतील तर आधी हेच तपासा. थोडी चुकतायत आणि थोडी बरोबर येतायत तर मग तुलनेचा आकडा चुकतोय. या दोन लक्षणांवरून कुठला बिघाड आहे ते लगेच कळतं. अक्षाचं लेबल न वाचताही एक खूण आहे, मधोमध ४५ अंशांची N = Z रेषा काढा, स्थिर केंद्रांचा पट्टा जिकडे वाकतो तो अक्ष न्यूट्रॉनचा.

तिसरी, सम A वाली. इथे "रेशो जास्त की कमी" हा प्रश्नच अपुरा पडतो आणि मुलांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. तांबं-६४ घ्या. २९ प्रोटॉन, ३५ न्यूट्रॉन, दोन्ही विषम. रेशो १.२१. ६४ च्या ओळीत निकेल-६४ स्थिर आहे, रेशो १.२९, आणि जस्त-६४ पण स्थिर आहे, रेशो १.१३. तांबं मधोमध. एकाशी तुलना केली तर प्रोटॉन जास्त, दुसऱ्याशी केली तर न्यूट्रॉन जास्त. आणि खरोखर ते दोन्हीकडे जातं, हाफ लाइफ १२.७ तास, सुमारे ३८ टक्के वेळा बीटा मायनसने जस्त होतं आणि बाकीच्या वेळी कॅप्चर किंवा बीटा प्लसने निकेल.

हे का होतं ते वस्तुमानात बघा. निकेल-६४ चं अणुवस्तुमान ६३.९२७९६६, तांबं-६४ चं ६३.९२९७६४, जस्त-६४ चं ६३.९२९१४२, सगळे अणुवस्तुमान एककात. तांबं दोघांपेक्षाही जड आहे. निकेलकडे उतार ०.००१७९८, ९३१.५ ने गुणून १.६७५ एमईव्ही. जस्तकडे उतार ०.०००६२२, म्हणजे ०.५७९ एमईव्ही. दोन्हीकडे उतार आहे म्हणून दोन्हीकडे जाता येतं. कारण न्यूट्रॉन न्यूट्रॉनशी आणि प्रोटॉन प्रोटॉनशी जोडी करून बसले की केंद्र थोडं हलकं होतं, दोन्ही विषम असलेल्याला प्रत्येकी एक एकटा पडलेला उरतो, म्हणून सम A ला एक वाटी नसते, एकावर एक अशा दोन वाट्या असतात, खालची सम-सम वाल्यांची आणि वरची विषम-विषम वाल्यांची, आणि केंद्र दर पावलाला एकीवरून दुसरीवर उडी मारतं. वरच्या वाटीच्या तळाशी बसलेल्याला दोन्ही बाजूंना खाली जाता येतं. मघाचं ब्रोमीन-८० तसंच, आयोडीन-१२६ तसंच, तो तर जवळपास निम्मा टेल्यूरियमकडे आणि निम्मा झेनॉनकडे जातो, आणि पोटॅशियम-४० सगळ्यांना माहीत असलेला, सुमारे ८९ टक्के कॅल्शियम-४० आणि ११ टक्के अर्गॉन-४०.

म्हणून Z आणि N दोन्ही विषम दिसले की थांबायचं आणि डाव्या-उजव्या शेजाऱ्यांकडे बघायचं. याचा अर्थ प्रत्येक विषम-विषम केंद्र दोन्हीकडे जातं असा नाही हं. फॉस्फरस-३२ विषम-विषम आहे पण त्याचा डावा शेजारी सिलिकॉन-३२ स्वतःच जड आणि अस्थिर, म्हणून फक्त गंधक-३२ कडे बीटा मायनस. आणि अगदी हलक्यांत ड्यूटेरियम, लिथियम-६, बोरॉन-१० आणि नायट्रोजन-१४ हे चौघे विषम-विषम असूनही स्थिर आहेत, कारण तिथे वाटी इतकी खोल आणि अरुंद असते की एक पाऊल बाजूला टाकलं तरी खूप वर चढायला लागतं.

चौथी गोष्ट, दिशा बरोबर पण नाव चूक. रेशो कमी, म्हणून बीटा प्लस लिहिलं आणि मार्क गेले. प्रोटॉनचा न्यूट्रॉन व्हायचे दोन रस्ते आहेत, पॉझिट्रॉन बाहेर टाकणं किंवा कक्षेतला इलेक्ट्रॉन आत ओढून घेणं, आणि रेशोला या दोघांतला फरक कळत नाही, दोन्हींनी केंद्र त्याच जागी पोचतं. फरक ऊर्जा ठरवते. पॉझिट्रॉन बाहेर टाकायचा तर आई आणि मुलगी अणूंच्या वस्तुमानात निदान १.०२२ एमईव्हीचा फरक हवा, म्हणजे दोन इलेक्ट्रॉनची वस्तुमानं, एक बनवायच्या पॉझिट्रॉनचं आणि दुसरं Z एकने कमी झाल्यामुळे वाढीव ठरलेल्या इलेक्ट्रॉनचं. तेवढा फरक नसेल तर फक्त कॅप्चर. बेरिलियम-७ ला ०.८६ एमईव्ही मिळतात, रेशो ०.७५ इतका कमी असूनही तो पॉझिट्रॉन देऊ शकत नाही. आयोडीन-१२५ ला ०.१९, कॅल्शियम-४१ ला ०.४२, दोन्ही फक्त कॅप्चर. सोडियम-२२ ला २.८४ आहेत, तिथे दहापैकी नऊ वेळा पॉझिट्रॉन. तांबं-६४ च्या १.६७५ मधून १.०२२ वजा केले की पॉझिट्रॉनची जास्तीत जास्त ऊर्जा मिळते, ०.६५३ एमईव्ही. जड केंद्रांत आतले इलेक्ट्रॉन केंद्राच्या फार जवळ असतात आणि बाहेर पडणाऱ्या पॉझिट्रॉनलाही अडथळा मोठा असतो, त्यामुळे मर्यादा ओलांडली तरी कॅप्चरच जिंकतं. वस्तुमान दिलेलं नसेल तर सरळ "बीटा प्लस किंवा इलेक्ट्रॉन कॅप्चर" असं दोन्ही लिहा, ते जास्त खरं उत्तर आहे.

आणि शिशाच्या पलीकडे गेलात तर आधी अल्फाचा विचार करा. युरेनियम-२३८ चा रेशो १.५९ बघून बरेच जण बीटा मायनस लिहितात, पण त्याच्या ओळीतला पुढचा शेजारी नेप्च्युनियम-२३८ त्याच्यापेक्षा जड आहे, त्यामुळे बीटा मायनसने उतरायला जागाच नाही, त्याला अडचण आकाराची आहे, म्हणून अल्फा. मजा पुढे आहे, अल्फात दोन न्यूट्रॉन आणि दोन प्रोटॉन सारखेच जातात, जिथे रेशो दीडच्या वर आहे तिथे सारखे काढले की रेशो वाढतो, थोरियम-२३४ चा १.६० होतो आणि आता तो दरीच्या न्यूट्रॉनच्या बाजूला सरकलेला असतो, म्हणून पुढे लगेच दोन बीटा मायनस, प्रोटॅक्टिनियम-२३४ आणि मग युरेनियम-२३४, रेशो १.५४. रेडिओॲक्टिव्ह मालिकेत अल्फांच्या मधेमधे बीटा मायनस का येतात आणि बीटा प्लस का दिसत नाहीत ते हेच.

शेवटी कोणी विचारेल म्हणून, आयोडीन-१२४ आलं तर मी काय करतो. रेशो ७१ भागिले ५३, १.३४, हा आकडा काढून बाजूला ठेवतो. A सम, Z विषम, N विषम, म्हणजे दोन्ही शेजारी बघायचे. टेल्यूरियम-१२४ स्थिर, झेनॉन-१२४ पण निसर्गात आहे, म्हणजे दोन्हीकडे रस्ता असू शकतो. सूत्र ५२.४ देतं, ५३ थोडा वर, फरक ०.६, म्हणजे कल टेल्यूरियमकडे पण खात्री नाही, वस्तुमान बघायला लागणार. टेल्यूरियमकडे उतार ३.१६ एमईव्ही, झेनॉनकडे त्याच्या जवळपास दहावा भाग, तर टेल्यूरियम. १.०२२ च्या बरंच वर आहे म्हणून पॉझिट्रॉन शक्य, पण केंद्र जडसर आहे म्हणून कॅप्चर जास्त. आणि खरंच तसंच आहे, साधारण चारातल्या तीन वेळा कॅप्चर, एकदा पॉझिट्रॉन, हाफ लाइफ चार दिवसांच्या थोडं वर.